पूलमधलं पाणी गॅलनमध्ये, केमिकल ग्रॅममध्ये : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोहण्याच्या पूलच्या कागदावर आकारमान गॅलनमध्ये लिहिलेलं असतं. हातातलं टेस्ट किट पीपीएम सांगतं आणि वजनकाटा ग्रॅम दाखवतो. या तिघांची सांगड घालताना गडबड होते, आणि ती बहुतेक वेळा गुणाकारात नसते. कोणत्या आकड्याने गुणायचं हे ठरवतानाच ती होऊन जाते. माझ्या हातूनही ती झाली आहे. ज्या पूलवर झाली, तोच खाली उदाहरण म्हणून घेतला आहे.

गॅलनमध्येच हिशेब केला तर काय बिघडतं? लिटर कशाला?

गॅलनमध्ये हिशेब होतो, पण प्रत्येक पायरीवर एक वेगळा गुणक लक्षात ठेवावा लागतो. लिटरमध्ये तो लागत नाही. पीपीएम म्हणजे व्यवहारात एका लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम. म्हणजेच १,००० लिटर पाण्यात एक ग्रॅम. १,००० लिटर म्हणजे एक घनमीटर. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं तोंडी येतं: ५० घनमीटरच्या पूलमध्ये कुठलीही गोष्ट १ पीपीएमने वाढवायची असेल, तर त्या गोष्टीचे शुद्ध ५० ग्रॅम लागतात. २ पीपीएमने वाढवायची तर १०० ग्रॅम.

हे वजन शुद्ध पदार्थाचं आहे, डब्यातल्या मालाचं नाही. मालात तो पदार्थ किती टक्के आहे ते पाहून पुढचा भागाकार करावा लागतो. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

एका गॅलनचे लिटर किती?

खरी अडचण इथेच आहे, कारण गॅलन दोन आहेत.

अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा आणि इम्पिरियल, म्हणजे ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. अमेरिकेने जुना इंग्लिश ‘वाइन गॅलन’ पुढे चालू ठेवला. तो २३१ घनइंचांचा. ब्रिटनने १८२४ साली कायदा करून नवा गॅलन ठरवला, ज्यात १० पौंड पाणी मावतं. नाव एकच राहिलं, माप मात्र वेगळं झालं.

इम्पिरियल गॅलन अमेरिकन गॅलनपेक्षा साधारण २० टक्क्यांनी मोठा आहे. त्यामुळे चुकीचा गुणक घेतला तर फरक दोन्ही दिशांना सारखा पडत नाही. पूल इम्पिरियलमध्ये मोजलेला असताना ३.७८५ ने गुणलंत, तर पाणी खऱ्यापेक्षा जवळपास १७ टक्के कमी दिसेल आणि डोसही तेवढाच कमी पडेल. उलट, अमेरिकन गॅलनचा आकडा ४.५४६ ने गुणलात, तर डोस २० टक्के जास्त जाईल.

‘साधारण चार लिटर धरा’ असा सल्लाही कानावर येतो. चार हा दोन्हींपैकी कुठलाच गॅलन नाही. अमेरिकन गॅलनसाठी तो सहा टक्के जास्त आणि इम्पिरियलसाठी बारा टक्के कमी आहे. बादली भरायला चालेल, पूलला नको.

कागदावर नुसतं ‘गॅलन’ लिहिलंय. कोणता ते कसं ओळखायचं?

कागदावर लांबी, रुंदी आणि खोली फुटांत असेल तर उत्तर त्याच कागदात सापडतं. मापांवरून घनफूट काढा आणि गॅलनच्या आकड्याला त्या घनफुटांनी भागा. उत्तर ७.५ च्या आसपास आलं तर गॅलन अमेरिकन, ६.२५ च्या आसपास आलं तर इम्पिरियल. एका घनफुटात ७.४८ अमेरिकन किंवा ६.२३ इम्पिरियल गॅलन मावतात, आणि पूल बांधणारे सोयीसाठी ७.५ किंवा ६.२५ ने गुणतात. त्यामुळे भागाकार अनेकदा या दोन आकड्यांवर अगदी नेमका येऊन बसतो आणि हिशेब कोणी कसा केला होता ते उघड होतं.

मापं नसतील, नुसता आकडाच असेल, तर तर्क लढवत बसू नका. पंप अमेरिकन आहे, मालक अमुक देशात राहून आलेत, असले पुरावे कामाचे नाहीत. टेप घ्या आणि पूल मोजा.

स्वतः मोजायचं तर नेमकं काय मोजायचं?

पाणी मोजायचं, पूल नाही. म्हणजे खोली मोजताना फरशीपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत मोजा. काठापर्यंत मोजू नका. पाण्याची पातळी सहसा स्किमरच्या, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खिडकीच्या, तोंडाच्या मध्यावर ठेवतात, म्हणजे काठाच्या बरीच खाली. १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद पूलमध्ये १० सेंटिमीटर खोली जास्त धरली गेली, तर पाच घनमीटर, म्हणजे ५,००० लिटर पाणी नुसतं कागदावर वाढतं.

मीटरमध्येच मोजा. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये गुणली की घनमीटर येतात, त्यांना १,००० ने गुणलं की लिटर. गॅलन या वाटेवर येतच नाही. मला विचाराल तर पूल एकदा टेपने मोजावा आणि कागदावरचे गॅलन फक्त ताळा करण्यापुरते ठेवावेत.

खोली मोजायला ब्रशचा लांब दांडा बरा पडतो. तो तळाशी टेकवून सरळ उभा धरायचा, पाण्याच्या रेषेवर बोटाने पकडायचा आणि बाहेर काढून टेप लावायचा. दांडा तिरका झाला की खोली जास्त दिसते, म्हणून एका जागी दोनदा मोजा आणि लहान आकडा घ्या.

गोल पूल असेल तर ३.१४ × त्रिज्या × त्रिज्या × खोली. लंबगोल असेल तर ३.१४ × अर्धी लांबी × अर्धी रुंदी × खोली. मूत्रपिंडाच्या आकाराच्या पूलसाठी दोन फुगीर भागांच्या रुंदींची बेरीज घेऊन तिला लांबीने आणि ०.४५ ने गुणायचं, मग सरासरी खोलीने. हा शेवटचा अंदाजच असतो, तरी नुसत्या लांबी-रुंदीच्या गुणाकारापेक्षा खूपच जवळचा.

सरासरी खोली म्हणजे उथळ आणि खोल बाजूंची बेरीज भागिले दोन ना?

तळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखा उतरत असेल तरच. पुष्कळ पूलांत तसं नसतं. आधी लांबच्या लांब सपाट उथळ भाग असतो, मग उतार आणि शेवटी छोटासा खोल भाग. अशा तळाला दोन टोकांची सरासरी लावली की खोल भागाला त्याच्या लायकीपेक्षा जास्त वजन मिळतं.

माझ्या उदाहरणातला पूल असाच आहे. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद. उथळ बाजूला १.१ मीटर पाणी, खोल बाजूला २.१ मीटर. सरळ सरासरी १.६ मीटर, म्हणजे १० × ५ × १.६ = ८० घनमीटर.

आता तोच पूल तुकड्यांत मोजू. पहिले ५ मीटर सपाट, खोली १.१: ५ × ५ × १.१ = २७.५ घनमीटर. पुढचे ३ मीटर उतार, १.१ पासून २.१ पर्यंत, तिथे सरासरी १.६ बरोबर लागू पडते: ३ × ५ × १.६ = २४ घनमीटर. शेवटचे २ मीटर सपाट, खोली २.१: २ × ५ × २.१ = २१ घनमीटर. बेरीज ७२.५ घनमीटर, म्हणजे ७२,५०० लिटर.

८० आणि ७२.५ यांत दहा टक्क्यांचा फरक आहे, आणि तो गॅलनचा विषय निघण्याच्या आधीच पडला. उतार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे पाण्यात उतरून पायाने चाचपलं तर लगेच कळतं. काठावरून बघून ठरवू नका, पाण्यामुळे तळ वर उचलल्यासारखा दिसतो.

संपूर्ण उदाहरण एकदा करून दाखवाल?

याच पूलच्या फाइलमध्ये ‘१६,००० गॅलन’ असं लिहिलं होतं. खाली-वर काही नाही, अमेरिकन की इम्पिरियल याचा उल्लेख नाही. मी तेव्हा गॅलन म्हणजे ३.७८५ असंच पाठ करून बसलो होतो. १६,००० × ३.७८५ = ६०,५६० लिटर. पंपाच्या खोलीतल्या वहीत ‘६०,६०० लिटर’ असं लिहून टाकलं आणि कित्येक आठवडे त्याच आकड्यावर डोस दिले.

क्लोरीन दर वेळी थोडं कमी भरायचं. ऊन जास्त आहे, लोक जास्त पोहतायत, लिक्विड क्लोरीन जुनं झालंय, अशी कारणं मी स्वतःलाच देत राहिलो. यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं, म्हणूनच तर चूक इतके दिवस लपली. शेवटी खाण्याच्या सोड्याचा मोठा डोस दिल्यावरही अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची ॲसिड झेलण्याची ताकद, अपेक्षेइतकी चढली नाही, तेव्हा शंका आली. सोडा उन्हात उडून जात नाही.

मग वर दाखवल्याप्रमाणे तुकड्यांत मोजलं. ७२,५०० लिटर. फाइलमधला आकडा इम्पिरियल धरला तर १६,००० × ४.५४६ = ७२,७३६ लिटर, टेपच्या मापाशी जवळजवळ तंतोतंत. घनफुटांचा ताळाही लावून पाहिला: ७२.५ घनमीटर म्हणजे सुमारे २,५६० घनफूट, आणि १६,००० ÷ २,५६० = ६.२५. बांधणाऱ्याने ६.२५ ने गुणलं होतं हे त्या भागाकारातून सरळ दिसतं.

आता डोस काढू. क्लोरीन १ पीपीएमवरून ३ पीपीएमवर न्यायचं आहे, म्हणजे २ पीपीएमची वाढ. ७२.५ घनमीटर × २ = १४५ ग्रॅम क्लोरीन. लिक्विड १२.५ टक्क्यांचं, म्हणजे एका लिटरमध्ये १२५ ग्रॅम. १४५ ÷ १२५ = १.१६ लिटर. जुन्या आकड्यावर मी ०.९७ लिटर ओतत होतो, म्हणजे दोनऐवजी साधारण १.७ पीपीएमचीच वाढ होत होती.

डब्यावर ‘१०,००० गॅलनला इतके औंस’ असं आहे. त्याचं काय करायचं?

इथे दुसरा गॅलन येतो, आणि लोक याच जागी हमखास घसरतात. डब्यावरचा गॅलन आणि तुमच्या पूलच्या कागदावरचा गॅलन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ‘१०,००० गॅलन’चा हिशेब छापलेला माल अमेरिकेसाठी बनवलेला असेल, तर ते १०,००० गॅलन म्हणजे ३७,८५४ लिटर. तुमचा पूल इम्पिरियलमध्ये मोजलेला असला तरी डब्यावरचे गॅलन अमेरिकनच राहतात. म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या लिटरमध्ये आणायच्या आणि मगच जोडायच्या.

डब्यावरच्या सूचना एकदाच बदलून ठेवायला तीन गुणक पुरतात, आणि ते सोपे आहेत. ‘१०,००० अमेरिकन गॅलनला इतके औंस’ या वजनाच्या आकड्याला ०.७५ ने गुणा, उत्तर ‘दर १,००० लिटरला इतके ग्रॅम’. पौंड असतील तर १२ ने गुणा, उत्तर पुन्हा ग्रॅममध्ये. द्रवाचे औंस असतील तर ०.७८ ने गुणा, उत्तर मिलिलिटरमध्ये.

समजा, क्लोरीनच्या पावडरवर लिहिलंय की १०,००० गॅलनला २ औंस टाकल्यास १ पीपीएम वाढेल. २ × ०.७५ = १.५ ग्रॅम दर १,००० लिटरला. पावडर ६५ टक्क्यांची असेल तर शुद्ध हिशेबाने १ ÷ ०.६५ = १.५४ ग्रॅम यायला हवेत. जुळलं. ७२.५ घनमीटरला १ पीपीएमसाठी साधारण ११० ग्रॅम.

दुसरं उदाहरण सोड्याचं. १०,००० गॅलनला दीड पौंड टाकल्यास अल्कलिनिटी १० पीपीएमने वाढते, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. १.५ × १२ = १८ ग्रॅम दर १,००० लिटरला. रसायनशास्त्राचा हिशेब १६.८ ग्रॅम सांगतो, कारण अल्कलिनिटी कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत मोजतात आणि तिच्या एका ग्रॅमसाठी १.६८ ग्रॅम सोडा लागतो. दीड पौंड हा सोयीसाठी केलेला गोल आकडा आहे, इतकंच. मी १६.८ वापरतो.

वजनाचा औंस आणि द्रवाचा औंस यांत घोळ करू नका. पावडर काट्यावर मोजायची. ज्या प्लॅस्टिकच्या कपावर औंसाच्या रेषा असतात, तो कप द्रवासाठी असतो. त्यात पावडर भरली तर वजन काय येईल हे त्या पावडरच्या दाण्यावर अवलंबून असतं.

किती दशांश धरायचे? ३.७८५ की ३.७८५४?

३.७८५ आणि ४.५४६ पुरे. चौथ्या दशांशाने ७२,००० लिटरच्या पूलमध्ये दहा लिटरचासुद्धा फरक पडत नाही, आणि तुमची टेप त्याहून कितीतरी जास्त चुकते. मधल्या पायऱ्यांवर मात्र आकडा छाटू नका, शेवटी एकदाच गोल करा.

लिटरचा आकडा गॅलनच्या सूत्रात गेला तर?

ही चूक वीस टक्क्यांची नाही, जवळपास चौपट आहे. दोन गॅलनमधल्या घोळाने पाणी जरासं बिघडतं. या चुकीने मात्र कधी कधी पूल रिकामा करायची पाळी येते.

सायन्युरिक ॲसिड, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं स्टॅबिलायझर, घेऊन बघू. ७२,५०० लिटरच्या पूलमध्ये ते शून्यावरून ४० पीपीएमवर न्यायचं असेल तर ७२.५ × ४० = २,९०० ग्रॅम, म्हणजे २.९ किलो लागतं. आता अमेरिकन डब्यावरचं ‘१०,००० गॅलन’ वाचून कोणी ७२,५०० हाच आकडा त्यात घातला, तर उत्तर येतं सुमारे ११ किलो. तेवढं टाकल्यावर पाण्यात १५० पीपीएम होईल. क्लोरीन असूनही नसल्यासारखं वागायला लागेल, कारण त्याचा फार मोठा भाग स्टॅबिलायझरने धरून ठेवलेला असतो. आणि हा पदार्थ व्यवहारात पाण्यातून आपण होऊन जात नाही. १५० वरून ४० वर यायचं तर जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी बदलावं लागतं.

उलटी चूकही होते: गॅलनचा आकडा ‘दर १,००० लिटर’च्या सूत्रात. तिथे डोस चौथ्या-पाचव्या हिश्श्याचा होतो. नुकसान तितकं मोठं नाही, पण पाणी हिरवं व्हायला लागतं आणि माणूस क्लोरीनच्या कंपनीला दोष देत बसतो.

दोन्ही टाळायचा माझा उपाय असा: आकडा कधीच उघडा लिहायचा नाही. वहीत ‘७२,५००’ नाही, ‘७२,५०० लिटर’ लिहायचं. आणि टाकण्याआधी एक तोंडी ताळा घ्यायचा: माझा पूल ७० घनमीटरच्या आसपास आहे, ४० पीपीएम हवेत, म्हणजे ७० × ४०, तीन किलोच्या आत. काट्यावर ११ किलो दिसले तर हात तिथेच थांबला पाहिजे.

आकडा बरोबर आहे का, हे पाण्यातूनच तपासता येतं का?

येतं, पण क्लोरीनने नाही. क्लोरीन ऊन, घाम, शेवाळ, सगळ्यांशी लढताना खर्च होत असतं, त्यामुळे अपेक्षेपेक्षा कमी वाढलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. माझं तेच झालं होतं. पाण्यात विरघळून तशीच राहणारी गोष्ट हवी.

मीठ सगळ्यात उत्तम. पूलवर मिठापासून क्लोरीन बनवणारा क्लोरिनेटर असेल तर मीठ तसंही घालावं लागतं, तेव्हाच ही परीक्षा घ्या. आधी मीटरने मीठ मोजा. वजन केलेलं मीठ टाका, पंप पूर्ण एक दिवस चालू ठेवा आणि पुन्हा मोजा. लिटर = टाकलेले किलो × १०,००,००० ÷ पीपीएममधली वाढ. माझ्या पूलमध्ये ३६ किलो टाकल्यावर ५०० पीपीएमची वाढ दिसली, तर ७२,००० लिटर निघतात. पाणी खरोखर ६०,६०० लिटर असतं तर वाढ ६०० च्या जवळ गेली असती. हा फरक मीटरवर स्वच्छ दिसतो. मात्र दोन्ही वेळा तोच मीटर वापरा.

मीठ नसेल तर खाण्याचा सोडा वापरा, पण त्याची मर्यादा ओळखून. अल्कलिनिटी ६० वरून १०० वर न्यायला ६०,६०० लिटरच्या हिशेबाने मी ४.०७ किलो सोडा टाकला होता. पाणी ७२,५०० लिटर असल्यामुळे वाढ ४० ऐवजी साधारण ३३ झाली, म्हणजे अल्कलिनिटी ९३ च्या आसपास. ज्या किटमध्ये एक थेंब म्हणजे १० पीपीएम, त्यात ९३ कधी ९० दिसेल, कधी १००. एका चाचणीवर विश्वास ठेवला असता तर चूक सापडलीच नसती. नमुन्याचं पाणी दुप्पट घेतलं की एक थेंब ५ पीपीएमचा होतो, मग फरक दिसायला लागतो. मी तीन वेळा केलं तेव्हा खात्री पटली.

पूल रिकामा करून पुन्हा भरणार असाल तर या कशाचीच गरज नाही. भरणाऱ्या नळाला पाण्याचं मीटर लावा, भरण्याआधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवा. यापेक्षा खरं माप नाही.

पाइप, फिल्टर, बॅलन्स टँक यांतलं पाणी धरायचं का?

पाइप आणि फिल्टर सोडून द्या, घरगुती पूलमध्ये ते टेपच्या चुकीत बुडून जातं. बॅलन्स टँक मात्र धरा. काठावरून पाणी वाहून टाकीत पडतं अशा पूलमध्ये ती टाकी काही घनमीटरची असू शकते आणि तिच्यातलं पाणी सतत फिरत असतं. टाकीची लांबी-रुंदी आणि पंप चालू असतानाची पाण्याची उंची घ्या. पंप बंद असताना पातळी वेगळी असते. पाण्यात बुडालेल्या पक्क्या पायऱ्या उलट वजा करायच्या.

लिटर बरोबर आहेत, तरी डोस चुकतो. का?

मग टक्केवारी बघा. लिक्विड क्लोरीन साठवणीत कमकुवत होत जातं, उष्णतेत तर झपाट्याने. कॅनवर १२.५ टक्के लिहिलं असलं तरी आत दहाच उरलेले असू शकतात. शिवाय १२.५ टक्के वजनाने की आकारमानाने, हे प्रत्येक कॅनवर स्पष्ट नसतं. आकारमानाने असेल तर लिटरला १२५ ग्रॅम, वजनाने असेल तर द्रव पाण्यापेक्षा जड असल्यामुळे त्याहून जास्त. ताजी कॅन आणि जुनी कॅन यांनी वेगवेगळी वाढ दिली, तर दोष लिटरचा नाही.

ॲसिडच्या बाबतीत मी काढलेला पूर्ण डोस एकदम कधीच टाकत नाही. आधी अर्धा, पंप काही तास चालू, मग पुन्हा चाचणी. जास्त पडलेला सोडा किंवा ॲसिड परत काढता येत नाही, दुसरं केमिकल टाकून ते फिरवावं लागतं, आणि तिथून एक नवाच हिशेब सुरू होतो.

हा आकडा पुन्हा कधी मोजावा लागतो?

पाण्याची नेहमीची पातळी बदलली, तळाचं नवं अस्तर किंवा फरशी बसवली, पायऱ्या बांधल्या किंवा पाडल्या, तर. एरवी एकदा नीट मोजलेला आकडा वर्षानुवर्षं चालतो. माझ्या त्या पूलच्या पंपाच्या खोलीत आता दारामागे तेलरंगाने ‘७२,५०० लिटर, पाणी स्किमरच्या मध्यावर’ असं लिहिलेलं आहे. फाइलमधल्या १६,००० शेजारी ‘इम्पिरियल’ हा शब्द पेनने जोडला आहे, म्हणजे पुढचा माणूस ३.७८५ घेऊन बसणार नाही.